वेळापत्रकाचा फोटो आणि ‘गाडी मिळेल का?’

घरच्या ग्रुपवर एसटी स्टँडवरच्या वेळापत्रकाचा फोटो येतो आणि खाली तीन शब्द असतात: ‘गाडी मिळेल का?’ पुण्यात ज्याला गाड्यांतलं थोडंफार कळतं, त्याच्या वाट्याला हा प्रश्न येतोच. उत्तर देणारा फोटो मोठा करतो, भोरची रांग शोधतो, जवळची वेळ बघतो आणि लिहून टाकतो, ‘हो, पाचची आहे, मिळेल.’ खरं तर त्या फोटोवरून एवढं सांगताच येत नाही. फळ्यावर फक्त वेळा असतात. विचारणारा माणूस कुठे उभा आहे, त्याच्या घड्याळात किती वाजलेत आणि गाडी आज वेळेवर आहे का, यातलं काहीही फळ्यावर नसतं. पहिल्या दोन गोष्टी विचारून कळतात. तिसरी बहुतेक वेळा कळत नाही, आणि तसं स्पष्ट सांगणं हाही उत्तराचाच भाग आहे.

हे काम नीट कसं करायचं, ते स्वारगेट–भोर या एकाच मार्गाच्या आधाराने सांगतो. यातल्या गाड्यांच्या वेळा हिशेब समजावा म्हणून धरलेल्या आहेत. त्यांच्या भरवशावर कुणी घराबाहेर पडू नये.

आधी दोन प्रश्न

फोटो उघडण्याआधीच विचारावं: ‘कुठून चढणार आहेस?’ आणि ‘आत्ता किती वाजलेत, आणि तू आहेस कुठे?’

थांबा विचारायचा तो नेमका. ‘शिवाजीनगर स्टँड’ एवढ्यावर भागत नाही. मेट्रोच्या कामासाठी शिवाजीनगरचं एसटी स्टँड २०१९च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवलं, पण पुण्यातल्या बऱ्याच लोकांच्या तोंडी नाव अजून शिवाजीनगरच आहे. दोन्ही जागांमध्ये दोन-तीन किलोमीटरचं अंतर आहे. बाहेरगावहून आलेला पाहुणा नाव ऐकून जुन्या जागी जाऊन उभा राहू शकतो. स्वारगेटलाही तसंच आहे: एसटीचं स्टँड वेगळं आणि पीएमपीएमएलचं, म्हणजे पुण्याच्या सिटी बसचं, वेगळं. कात्रजला तर ‘थांबा’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सिटी बसचा थांबा येतो, पण साताऱ्याकडे जाणारी एसटी तिथेच उभी राहील असं नाही. म्हणून थांब्याच्या नावाबरोबर एक खूणही विचारावी. समोर कुठलं दुकान आहे, रस्त्याची कुठली बाजू आहे, एवढं पुरतं.

वेळेचा प्रश्न अनेकांना उगाच वाटतो, कारण मेसेजखाली वेळ दिसतच असते. पण ती मेसेज पाठवल्याची वेळ असते. फोटो अर्ध्या तासापूर्वी काढलेला असू शकतो, रेंज नसल्यामुळे उशिरा गेलेला असू शकतो, किंवा मागच्या दिवाळीत काढलेला आणि आज पुन्हा पुढे ढकललेला असू शकतो. त्यात तुम्ही मेसेज वीस मिनिटांनी बघितला, तर ‘मिळेल’ हे उत्तर मेसेज आला तेव्हा बरोबर असतं आणि तुम्ही लिहिता तेव्हा चुकीचं. म्हणून समोरच्याच्या घड्याळातली आत्ताची वेळ विचारून घ्यावी, आणि उत्तर लिहिताना सुरुवातीलाच ती टाकावी: ‘आत्ता पाच वाजलेत असं धरून सांगतो.’ मग ते उत्तर कुणी पाऊण तासाने वाचलं तरी ते शिळं झालंय हे त्याला कळतं.

‘तू आहेस कुठे’ हेही त्यातच आलं. थांब्यावर उभं राहून विचारणारा आणि घरी पिशवी भरता भरता विचारणारा, दोघांचा प्रश्न एकच असला तरी उत्तरं वेगळी असतात.

फोटो वाचताना

आधी शीर्षक वाचायचं. फळा कोणत्या स्टँडचा आहे, वेळा सुटण्याच्या आहेत की येण्याच्या, आणि कुठे ‘दिनांक अमुकपासून लागू’ असं लिहिलंय का, हे बघायचं. फोटो काढणारे अनेकदा हवी ती ओळ मोठी दिसावी म्हणून जवळ जातात आणि शीर्षक चौकटीबाहेर राहतं. अशा फोटोवर उत्तर देऊ नये. दोन फोटो मागावे: थोडं मागे सरून अख्ख्या फळ्याचा एक, आणि हव्या त्या रांगेचा अगदी समोरून, सरळ काढलेला दुसरा. तिरका फोटो धोक्याचा असतो. डावीकडे ‘भोर’ वाचून नजर उजवीकडे नेताना ती एक ओळ वर किंवा खाली घसरते आणि आपण शेजारच्या गावाच्या वेळा वाचतो. स्क्रीनवर कागदाची कड आडवी धरून ओळ पकडली की हा घोटाळा होत नाही.

आकडे हा सगळ्यात मोठा सापळा. रंग उडालेल्या फळ्यावर १ आणि ९ ओळखू येत नाहीत, ४ आणि ५ची गल्लत होते. अशा वेळी एकटा आकडा निरखत बसू नये, शेजारचे आकडे बघावे. वेळा चढत्या क्रमाने लिहिलेल्या असतात. १६.१५ आणि १७.४०च्या मध्ये ‘१७.०?’ असं काही दिसत असेल, तर ती वेळ पाच ते पाच वाजून नऊ मिनिटं यातलीच आहे. आपल्याला घाई आहे, म्हणून त्यातली सर्वांत लवकरची वेळ धरायची. पण तासाचाच आकडा पुसला असेल आणि आजूबाजूच्या वेळांवरूनही तो ठरत नसेल, तर अंदाज बांधू नये. ‘हा आकडा मला वाचता येत नाही’ असं लिहून दुसरा फोटो मागवावा.

एसटीचे फळे बहुधा चोवीस तासांच्या घड्याळात असतात, म्हणजे १७.४० म्हणजे संध्याकाळचे पाच चाळीस. पण हाताने लिहिलेल्या फळ्यावर नुसतंच ५.४० असू शकतं. मग ती सकाळची की संध्याकाळची, हे रांगेतल्या जागेवरून ओळखायचं.

वेळेच्या आजूबाजूला लिहिलेले शब्द सोडू नयेत. ‘मार्गे’ असेल तर गाडी तुमच्या गावावरून जाते की दुसऱ्या रस्त्याने, हे त्यावरून ठरतं. ‘विनाथांबा’ असेल तर ती गाडी मधल्या गावाच्या माणसाच्या उपयोगाची नाही. ‘रविवार बंद’ असेल तर आज वार कुठला आहे तेही बघावं लागतं.

ती वेळ कुठली?

इथे नेमकेपणा सगळ्यात जास्त लागतो. स्टँडवरच्या फळ्यावर असते ती त्या स्टँडवरून गाडी सुटण्याची वेळ. मधल्या थांब्यांच्या वेळा फळ्यावर सहसा नसतातच. कात्रजला उभ्या असलेल्या माणसासाठी स्वारगेटच्या फळ्यावरचे ‘१७.००’ म्हणजे पाचला कात्रज नव्हे. स्वारगेट ते कात्रज साधारण सहा किलोमीटर आहे. रस्ता मोकळा असेल तर पंधरा मिनिटं, संध्याकाळच्या गर्दीत दुप्पट किंवा त्याहून जास्त.

सुटण्याच्या स्टँडवर चढणाऱ्याला एक आधार असतो: वाहतूक नियंत्रकाकडे नोंद करूनच गाडी निघते, त्यामुळे ती वेळेच्या आधी सहसा हलत नाही. मधल्या थांब्यावर असा आधार नाही. तिथे गाडी तुमच्या अंदाजाच्या आधीही येऊन जाते, कारण अंदाज तुमचा असतो, फळ्यावरचा नसतो. म्हणून मधल्या थांब्यासाठी दोन वेळा काढायच्या. गाडी तिथे लवकरात लवकर कधी येऊ शकते ही पहिली, आणि नेहमीच्या गर्दीत कधी येईल ही दुसरी. आपण थांब्यावर कधी पोहोचायचं ते पहिलीवरून ठरवायचं, आणि पुढे उतरल्यावर न्यायला येणाऱ्या माणसाला दुसरी सांगायची. ही दोन कामं एकाच वेळेवर भागवली की एक तर गाडी चुकते, नाही तर न्यायला आलेला माणूस उन्हातान्हात ताटकळतो.

एक हिशेब सुरुवातीपासून

आत्या धनकवडीत राहते. तिला कापूरव्होळला जायचंय, तिथून भाचा मोटरसायकलवर घरी नेणार आहे. धाकटा चुलतभाऊ कामासाठी स्वारगेटला गेला होता. त्याने फळ्याचा फोटो ग्रुपवर टाकला: ‘आत्याला भोर गाडी मिळेल का?’ मेसेज ४.५२चा. फोटोत शीर्षक आहे, ‘भोर’ची रांग स्वच्छ आहे, पुढे १६.१५, १७.००, १७.४०, १८.३० अशा वेळा आहेत आणि कुठेही विनाथांबा लिहिलेलं नाही.

पहिला प्रश्न, चढणार कुठून? आत्याचं उत्तर, ‘कात्रजहून. स्वारगेटला कशाला उलटं जाऊ?’ दुसरा प्रश्न, आत्ता किती वाजले आणि तू कुठे आहेस? ‘पाच. घरीच आहे, निघायला दहा मिनिटं लागतील.’

म्हणजे ती घरातून ५.१०ला निघणार. रिक्षा मिळायला पाच मिनिटं, कात्रजपर्यंत दहा मिनिटं. ५.२५ला थांब्यावर. रिक्षा लगेच मिळाली तर ५.२०, नाही मिळाली तर साडेपाच. आपण ५.२५ धरू.

आता पाचची गाडी. स्वारगेटहून वेळेवर सुटली आणि रस्ता मोकळा मिळाला तर कात्रजला ५.१५. गर्दी असेल तर ५.३० किंवा त्यानंतर. आत्या पोहोचणार ५.२५ला. फळ्याप्रमाणे बघितलं तर ही गाडी चुकू शकते. संध्याकाळी पाचला सातारा रस्त्यावर गर्दी असतेच, हे मला माहीत आहे आणि आत्यालाही माहीत आहे. तरी त्या गर्दीच्या जोरावर ‘मिळेल’ म्हणू नये. गाडीच्या उशिरावर उभं केलेलं आश्वासन गाडी वेळेवर आली की कोसळतं.

पुढची ५.४०ची. ती कात्रजला ५.५५च्या आधी येऊ शकत नाही. आत्या अगदी साडेपाचला पोहोचली तरी पंचवीस मिनिटं हातात राहतात. ही गाडी गाठायची, असं सांगता येतं. पण ती नेमकी किती वाजता येईल, हे मात्र सांगता येत नाही.

‘मग स्वारगेटलाच जाऊ का, बसायला जागा तरी मिळेल?’ असं आत्या विचारणार. धनकवडीहून स्वारगेटला संध्याकाळी अर्धा तास सहज लागतो. ५.१०ला निघून रिक्षा मिळेपर्यंत ५.१५, पोहोचेपर्यंत पावणेसहा. ५.४०ची तोवर सुटलेली असेल आणि हातात राहील ती साडेसहाची. म्हणून कात्रजच बरं. मात्र त्याचा एक तोटा तिला आधीच सांगून ठेवायचा: स्वारगेटला खच्चून भरलेली गाडी कात्रजला न थांबता पुढे जाऊ शकते. शुक्रवारी संध्याकाळी किंवा सणाच्या आदल्या दिवशी ही शक्यता मोठी असते.

हे सगळं धरून तिला पाठवलेलं उत्तर असं:

‘आत्या, आत्ता ५.०३ झालेत असं धरून सांगतो. पाचची भोर गाडी तुला कात्रजला मिळेलच असं नाही, तिच्यासाठी धावपळ करू नकोस. ५.४०ची धर. ती कात्रजला ५.५५च्या आधी येणार नाही, तू साडेपाचपर्यंत साताऱ्याकडे जाणाऱ्या बाजूला उभी राहा, एसटी नेमकी कुठे थांबते ते तिथे विचारून घे. आज गाड्या वेळेवर आहेत की नाहीत, ते मला माहीत नाही. फळ्यावरून कळत नाही. साडेसहापर्यंत आली नाही तर फोन कर. त्यानंतर साडेसहाची आहे, ती कात्रजला पावणेसातच्या आधी येणार नाही, म्हणजे कापूरव्होळला अंधार पडेल. भाच्याला तू गाडीत बसल्यावरच निघायला सांग.’

उत्तर लांबलं आहे, पण यातलं एकही वाक्य काढता येत नाही. कोणती गाडी धरायची, कधीपर्यंत उभं राहायचं, काय माहीत नाही आणि गाडी आलीच नाही तर किती वाजता दुसरा विचार करायचा, हे सगळं तिला लागणार आहे.

उशीर माहीत नसतो, तो का

फळ्यावरची वेळ ठरवून दिलेली असते. आज त्या फेरीला लागणारी गाडी मागची फेरी संपवून परत आली आहे का, हे फळ्याला कुठून कळणार? भोरहून येणारी गाडी खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर किंवा नवले पुलाच्या गर्दीत अडकली, तर पुढची फेरी उशिरा सुटते. गाडी नादुरुस्त झाली तर फेरी रद्दही होते. यातलं काहीही फोटोत दिसत नाही, आणि ‘साधारण दहा मिनिटं उशीर धर’ म्हणणाराही ते बघून सांगत नसतो.

मात्र या गोष्टीत फोटो काढणारा माणूस सोन्यासारखा असतो, कारण तो गाडी सुटते त्याच जागी उभा असतो. आत्याच्या वेळी चुलतभाऊ अजून स्टँडवरच होता. त्याला सांगितलं, भोरच्या फलाटावर जा, पाचची गाडी लागली आहे का, सुटली का, ते बघ. दिसली नाही तर चौकशीच्या खिडकीवर विचार. ५.०७ला त्याचा मेसेज आला, ‘लागलीय, माणसं बसलीत, कंडक्टर खाली उभा आहे.’ ५.१४ला, ‘आत्ता सुटली.’

आता हिशेब बदलला. सुटायला चौदा मिनिटं उशीर झाला, ही आता पाहिलेली गोष्ट आहे. गाडी कात्रजला ५.२९च्या आधी येत नाही आणि आत्या ५.२५ला पोहोचतेय. म्हणजे आता पाचची गाडी मिळण्याची चांगली शक्यता आहे, असं खरेपणाने सांगता येतं. तरी हातात चारच मिनिटं आहेत आणि रिक्षा कशी मिळेल ते ठाऊक नाही. म्हणून दुसरा मेसेज एवढाच: ‘पाचची ५.१४ला सुटली, तू ५.२५ला पोहोचलीस तर मिळू शकते. नाही मिळाली तरी ५.४०ची आहेच.’ तिला घाईने रस्ता ओलांडायला लावेल असं त्यात काही नको.

एक लक्षात ठेवायचं: पाचची उशिरा सुटली, यावरून ५.४०चीही उशिराच सुटेल असं ठरत नाही. ती वेगळी गाडी असते. तिच्यासाठी आत्याने साडेपाचला थांब्यावर असणं तसंच राहतं.

सिटी बसचा फोटो आला तर

पीएमपीएमएलच्या थांब्यावर सगळ्या फेऱ्यांच्या वेळा असतीलच असं नाही. कुठे फक्त मार्ग क्रमांक असतात, कुठे पहिली गाडी, शेवटची गाडी आणि किती मिनिटांनी गाडी एवढंच. ‘दर वीस मिनिटांनी’ असं लिहिलं असेल तर ‘६.१०ची मिळेल का’ याला उत्तरच नाही, कारण ६.१०ची अशी गाडीच फळ्यावर नाही. सांगायचं ते एवढंच: गाड्या ठरल्याप्रमाणे धावत असतील तर जास्तीत जास्त वीस मिनिटं थांबावं लागेल, आणि धावताहेत का ते फळ्यावरून कळत नाही. ज्याच्या फोनवर ‘आपली पीएमपीएमएल’ ॲप आहे, त्याने त्यात गाडी कुठपर्यंत आली ते बघावं. नकाशावर पुढे सरकणारी गाडी दिसली तर ती फळ्यापेक्षा विश्वासाची. गाडी दिसली नाही, तर मात्र ‘गाडी नाही’ असा अर्थ लगेच काढू नये.

शेवटची गाडी

प्रश्न शेवटच्या गाडीचा असेल तर हिशेब तोच, पण उत्तराचा सूर बदलावा लागतो. मधली गाडी चुकली तर तासभर जातो. मुक्कामी गाडी चुकली तर रात्र स्टँडवर काढावी लागते किंवा खिसा मोकळा करून खासगी गाडी करावी लागते. तिथे ‘मिळेल बहुतेक’ हे शब्द वापरू नयेत. थांब्यावर पोहोचायची वेळ आणि गाडी येण्याची लवकरात लवकरची वेळ, यांत निदान अर्धा तास उरत नसेल, तर ‘या गाडीवर विसंबू नकोस’ असं सरळ लिहावं, आणि त्याच मेसेजमध्ये पर्याय द्यावा: त्याआधीची गाडी कोणती, रात्री राहायला जवळ कोण आहे, न्यायला कोण येऊ शकतं. शक्य असेल तर मधल्या थांब्याऐवजी सुटण्याच्या स्टँडवरूनच चढायला सांगावं. तिथे चौकशीची खिडकी असते, गाडी लागली की नाही हे डोळ्यांनी दिसतं, आणि फेरी रद्द झाली तर निदान ते वेळेत कळतं. अंधारात कात्रजच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला ते कळायला मार्ग नसतो.